टॉकबॅकवर *99# चा मेनू वाचून होईपर्यंत सेशन बंद पडत असेल तर

बँकेतली शिल्लक पाहायला *99# लावलं, की टॉकबॅक अख्खा मेनू वाचायचा आणि मी 3 टाकेपर्यंत वेळ संपल्याचा संदेश यायचा. दादरच्या गर्दीत तर चीड यायची. बोलण्याचा वेग वाढवला, फोन रीस्टार्ट केला, फरक शून्य.

वेळ जातो ऐकण्यात, म्हणून ऐकायचंच नाही. शिल्लकीचा आकडा 3, हे आधीच ठाऊक हवं. चौकट उघडताच दोन बोटांनी एकदा टॅप करा, टॉकबॅक गप्प होतो. मग उजवीकडे स्वाइप करत लिहिण्याच्या जागेवर या, दोनदा टॅप करून 3 टाका, पुन्हा स्वाइप करत ‘पाठवा’वर दोनदा टॅप करा. यूपीआय पिन विचारला की तोही तसाच. त्याआधी इअरफोन लावा, कारण टॉकबॅक आकडे मोठ्याने बोलू शकतो. शिवाय या चौकटीत पिन बहुधा झाकला जात नाही, म्हणून स्क्रीनही आडोशाला धरा.

शिल्लक आली की लगेच ‘ओके’ करू नका, मजकूर जातो. तीन बोटांनी खाली स्वाइप करत ‘अक्षरे’ निवडा, मग एका बोटाने खाली स्वाइप केलं की रक्कम एकेक आकडा ऐकू येते.

बँकेत नोंदवलेला नंबर आणि आधी ठरवलेला यूपीआय पिन मात्र हवाच.