बोंडअळीच्या व्हिडिओचं कॅप्शन: देवनागरी कुठे, रोमन कुठे

यवतमाळकडच्या आमच्या गावात मी कपाशीवर छोटे व्हिडिओ करतो. गुलाबी बोंडअळीवरच्या पहिल्या व्हिडिओवर मी `Bondavar ali ali ka?` असं लिहिलं होतं. शेजारच्या काकांनी मोबाईल डोळ्यांजवळ धरला आणि विचारलं, "हे काय लिवलं रे पोरा, अली अली?" मला म्हणायचं होतं, "बोंडावर अळी आली का?" रोमनमध्ये 'अळी', 'आली' आणि 'आळी' तिन्ही सारखेच दिसतात, कारण 'ळ'ला तिथे स्वतंत्र अक्षर नाही आणि 'अ'-'आ'चा फरकही बहुतेक जण लिहीत नाहीत.

म्हणून पडद्यावर दिसणारी ओळ आणि शीर्षक आधी देवनागरीत लिहा: "गुलाबी बोंडअळी: सलग ३ रात्री सापळ्यात रोज ८ पतंग दिसले तर काय करावं?" यूट्यूबच्या शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा आहे, मोबाईलवर तर त्याआधीच ते कापलं जातं. त्यामुळे पिकाचं किंवा किडीचं नाव सुरुवातीलाच यायला हवं.

आता शोधणाऱ्यांचा विचार करा. गावातली पोरं इंग्रजी कीबोर्डवरच टाइप करतात आणि प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. अशी दोन-तीन रूपं टॅगमध्ये टाका:

```
गुलाबी बोंडअळी, बोंड अळी, gulabi bond ali, bondali, pink bollworm
```

टॅगला एकूण ५०० अक्षरांची मर्यादा आहे. वर्णनात मात्र असे शब्द ढिगाने ओतू नका, यूट्यूब त्याला स्पॅम मानतं. तिथे एखाद्या साध्या वाक्यात एक रोमन रूप आलं तरी पुरे.

मला सगळ्यात जास्त छळलं ते 'ऱ'ने. आपल्याकडे कपाशीच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात, आणि 'शेतकऱ्यांनी' तर प्रत्येक व्हिडिओत येतं. साधा 'र' टाइप केला की 'शेतकर्यांनी' असा रफार चढतो. काही कीबोर्ड 'र'नंतर न दिसणारं जोडचिन्ह घालतात. तेव्हा शब्द डोळ्यांना बरोबर दिसतो, पण आतला संकेत वेगळा असतो आणि शोधात तो जुळेलच याची खात्री नसते. नुक्त्याचा 'ऱ', मग हलन्त, मग 'य' किंवा 'ह' असं टाइप करा. इनस्क्रिप्टवर 'ऱ' शिफ्ट आणि `J` दाबून मिळतो. एकदा बरोबर लिहिलेला शब्द नोंदवहीत ठेवा आणि दरवेळी तिथूनच कॉपी करा.

उपशीर्षकांची `.srt` फाइल `UTF-8` मध्येच जतन करा. अपलोड केल्यावर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर चूक इथेच झालेली असते. भाषा 'मराठी' निवडायला विसरू नका. व्हिडिओत चित्रासारखी चिकटवलेली अक्षरं उपशीर्षक म्हणून धरली जात नाहीत, त्यामुळे तीच ओळ फाइलमध्येही हवी.

महिनाभराने यूट्यूब स्टुडिओच्या आकडेवारीत 'यूट्यूब सर्च' हा स्रोत उघडा. लोकांनी काय टाइप केलं ते तिथे दिसतं. ज्या स्पेलिंगने कोणीच आलं नाही ते टॅगमधून काढा आणि जे नवीन दिसेल ते जोडा.