मिक्सरची जळलेली मोटर मोफत दुरुस्त करून घेतली

हुमणाचं वाटण काढताना आमचा ७५० वॉटचा मिक्सर जळका वास सोडून बंद पडला. घेऊन जेमतेम सहा महिने झालेले. म्हापशाच्या सर्व्हिस सेंटरने "जादा लोड दिलात, वॉरंटीत बसत नाही" म्हणून हात वर केले. मला ते अजिबात पटलं नाही.

मग थेट कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल केला. विषयात मॉडेल आणि तळाच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर, सोबत बिल आणि वॉरंटी कार्डाचा फोटो. मजकूर असा:

"मिक्सर थंड झाल्यावर तळाचं लाल बटण दाबलं. भांडं काढूनही मोटर फिरत नाही, दुसऱ्या प्लगवरही नाही. व्हिडिओ जोडला आहे. मोटर वॉरंटीत आहे, कृपया मोफत दुरुस्त करावी. नाकारत असाल तर तपासणीचं कारण लेखी कळवावं."

लाल बटणाचं वाक्य गाळू नका. नुसत्या लोडने बंद पडलेला मिक्सर सहसा ते दाबल्यावर चालू होतो. आणि बाहेर कुठेही मिक्सर उघडायला देऊ नका, कंपनीला नकाराचं आयतं कारण मिळतं.

उत्तर आलं नसतं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली असती. पण त्याच सेंटरचा माणूस घरी आला. मोटरच्या आतला फिरणारा भाग, म्हणजे आर्मेचर, जळलेलं निघालं, ते बदललं आणि जॉबशीटवर शुल्क शून्य लिहून दिलं.