आयएसओ २७००१ लीड इम्प्लिमेंटर : एसओए तयार करताना या चुका टाळा

आयएसओ २७००१ हे माहिती सुरक्षेचे मानक कंपन्यांत लागू करून देण्यासाठीची लीड इम्प्लिमेंटर परीक्षा उत्तीर्ण झालेला सल्लागार पहिल्या छोट्या ग्राहकाकडे जातो, तेव्हा त्याच्या लॅपटॉपमध्ये बहुधा ९३ ओळींची एक एक्सेल फाइल तयार असते. मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीत परिशिष्ट ए मध्ये ९३ नियंत्रणे आहेत. प्रत्येकापुढे ‘लागू’ किंवा ‘लागू नाही’ लिहिले की स्टेटमेंट ऑफ अ‍ॅप्लिकेबिलिटी, म्हणजेच एसओए, तयार झाले असे गृहीत धरले जाते. मानकातील क्रम मात्र उलटा आहे. कलम ६.१.३ नुसार आधी जोखमींवरचे उपाय आणि त्यांसाठी लागणारी नियंत्रणे ठरवायची, मग काही राहून गेले नाही ना हे परिशिष्टाशी ताडून पाहायचे आणि त्यानंतर एसओए लिहायचे.

एक काल्पनिक पण पुण्यात सहज आढळणारी कंपनी घेऊ. बाणेरला को-वर्किंग ऑफिसमध्ये बसून २२ माणसे इतर उद्योगांचे पेरोल पाहतात, त्यांतले काहीजण कोथरूड-हडपसरच्या घरांतून काम करतात, सगळा डेटा क्लाउडवर आहे आणि पेरोलच्या सॉफ्टवेअरमधले बदल बाहेरचा एक डेव्हलपर करून देतो.

येथे पहिली चूक वगळण्यात होते. इमारत आपली नाही म्हणून भौतिक सुरक्षेची १४ नियंत्रणे आणि कंपनीत प्रोग्रामर नाही म्हणून विकासाशी संबंधित सर्व नियंत्रणे ‘लागू नाही’ ठरतात. परंतु प्रवेशद्वार ऑफिस चालवणाऱ्याच्या ताब्यात असले, तरी पगारपत्रके टेबलावर उघडी राहण्याची जोखीम कंपनीचीच असते (७.७), आणि घरी नेलेल्या लॅपटॉपचीही (७.९). दाराची जबाबदारी ज्याच्याकडे आहे, त्याच्याशी झालेल्या करारात ती लिहिलेली असायला हवी, आणि तेथे पुरवठादारांविषयीची नियंत्रणे लागू होतात. डेव्हलपरचेही तसेच आहे. काम बाहेर दिले आहे, म्हणूनच ८.३० हे बाह्य विकासाचे नियंत्रण वगळता येत नाही. वगळण्याचे कारण लिहिताना ‘आम्ही हे करत नाही’ एवढे पुरत नाही. ‘ही जोखीम आमच्या व्याप्तीत उद्भवतच नाही, कारण…’ हे वाक्य प्रामाणिकपणे पूर्ण करता आले, तरच ओळ वगळावी.

दुसरी चूक अधिक महागात पडते, कारण ती कागदावर दिसत नाही. मोठ्या आयटी कंपनीच्या टेम्प्लेटमधून उचललेल्या धोरणात लिहिलेले असते, की नोकरी सोडणाऱ्याचा अ‍ॅक्सेस २४ तासांत बंद केला जाईल, आणि एसओएमध्ये ५.१८ या अ‍ॅक्सेसच्या अधिकारांच्या नियंत्रणापुढे ‘अंमलात’ असा शेरा असतो. प्रमाणपत्रासाठीच्या स्टेज २ ऑडिटला आलेला ऑडिटर मात्र धोरण वाचून थांबत नाही. तो एचआरकडून गेल्या काही महिन्यांत सोडून गेलेल्यांची यादी मागतो, त्यातले एक नाव निवडतो आणि पेरोल सॉफ्टवेअरमधली खाते बंद केल्याची नोंद पाहतो. समजा, शेवटचा दिवस १४ जून आणि खाते बंद ९ जुलैला. मानकाने २४ तास कुठेच सांगितलेले नसतात. कंपनीने स्वतः घातलेली अट स्वतःच मोडली, म्हणून नॉनकन्फॉर्मिटी निघते.

यावर मुदत नुसती वाढवून भागत नाही. पेरोलचा डेटा हाताळणाऱ्या खात्याला पंचवीस दिवस मोकळे सोडणे कोणत्याही धोरणात बसवता येणार नाही. खाते उघडे का राहिले, हे आधी शोधावे. अशा कंपनीत आयटीचे काम बहुधा बाहेरच्या व्हेंडरकडे असते आणि राजीनाम्याची बातमी त्याला पगाराच्या दिवशीच कळते. म्हणून राजीनामा स्वीकारणाऱ्याने त्याच दिवशी व्हेंडरला शेवटची तारीख कळवावी, कोणकोणत्या प्रणालींत त्या माणसाचे खाते आहे याची एक पानाची यादी असावी, आणि व्हेंडरने प्रत्येक खात्यापुढे बंद केल्याची तारीख लिहून ती परत द्यावी. ही यादीच पुढे पुरावा ठरते. धोरणातील मुदत यानंतर लिहावी, पाळता येईल आणि जोखमीला शोभेल अशी.

एसओए ऑडिटरला तपासायला देण्यापूर्वी सल्लागाराने त्यातील पाचसहा ओळी अशाच दोन्ही दिशांनी पाहाव्यात: मागे जाऊन ती कोणत्या जोखमीसाठी आहे, आणि पुढे जाऊन तिची गेल्या तिमाहीतील नोंद कोठे आहे. मागे काही सापडले नाही, तर नियंत्रण टेम्प्लेटमधून आलेले आहे. पुढे सापडले नाही, तर ‘अंमलात’ऐवजी ‘नियोजित’ असे लिहून तारीख द्यावी. ऑडिटरला नियोजित शेरा समजतो. खोटा ‘अंमलात’ त्याला फार त्रास देतो, आणि ते योग्यच आहे. उरलेली जोखीम स्वीकारल्याची सही मात्र सल्लागाराने कधीही करू नये. ती जोखमीच्या मालकाची, बहुधा संचालकाची, असते.

तीच गत अंतर्गत ऑडिटची. छोट्या कंपनीत खर्च वाचवण्यासाठी ज्याने यंत्रणा उभी केली, त्यालाच ते करायला सांगितले जाते. पण कलम ९.२ निःपक्षपातीपणा मागते, आणि स्वतः लिहिलेली प्रक्रिया स्वतःच तपासून तो दाखवता येत नाही. दुसऱ्या एखाद्या सल्लागाराशी अदलाबदल करावी, किंवा कंपनीतील लेखा विभागातील एखाद्याला प्रशिक्षण देऊन तयार करावे. प्रस्तावातच ही किंमत वेगळी दाखवली, तर नंतर वाद होत नाही.