तेलाची पिशवी घेताना किलोचा दर काढा

दुकानात शेंगदाणा तेलाच्या तीन पॅकवर तीन किमती दिसतात आणि हात आपोआप सर्वांत कमी आकड्याकडे जातो. गोम अशी की सगळ्या पिशव्या लिटरच्या नसतात. दिसायला तेवढीच असलेली एखादी 850 ग्रॅमची निघते, आणि 1 लिटर तेल भरतं साधारण 910 ग्रॅम.

1. पॅकवरचं निव्वळ वजन ग्रॅममध्ये बघा. मिली नको, कारण तुलना एकाच मापात हवी.
2. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर: किंमत ÷ ग्रॅम × 1000. हा झाला किलोचा दर.
3. वहीत चार रकाने पाडा: पॅक, रुपये, ग्रॅम, किलोचा दर.

समजा, किमती अशा आहेत:

- 850 ग्रॅम पिशवी, 168 रुपये: किलोला 197.65
- 1 लिटर पिशवी (910 ग्रॅम), 175 रुपये: किलोला 192.31
- 5 लिटर कॅन (4550 ग्रॅम), 890 रुपये: किलोला 195.60

म्हणजे सगळ्यात ‘स्वस्त’ पिशवीच महाग पडली. कॅनही लिटरच्या पाच पिशव्यांपेक्षा 15 रुपयांनी महाग. मोठं ते स्वस्त हे आपण उगाच धरून चालतो.

एमआरपीजवळ बऱ्याचदा प्रति ग्रॅम किंवा प्रति मिली दर बारीक अक्षरात छापलेला असतो. पण तो एमआरपीवरून काढलेला असतो. दुकानदार सूट देत असेल, तर प्रत्यक्ष द्यायच्या पैशांवरून दर पुन्हा काढा.