ऑफर हातात, दुसरीकडचा राउंड बाकी: मी चार दिवस कसे मागून घेतले

मागच्या वर्षी पुण्यात जॉब बदलताना गुरुवारी संध्याकाळी एका कंपनीची ऑफर मेलवर आली आणि तिथल्या एचआर मॅडम फोनवर म्हणाल्या उद्या संध्याकाळपर्यंत अ‍ॅक्सेप्ट करा, आणि मला खरं तर जी कंपनी जास्त हवी होती तिचा मॅनेजर राउंड होता पुढच्या बुधवारी.

माझी पहिली चूक म्हणजे मी "थोडा वेळ मिळेल का" असं विचारलं. त्यावर उत्तर आलं, "सर, पोझिशन अर्जंट आहे." किती वेळ, कशासाठी, काहीच सांगितलं नव्हतं, मग त्या तरी काय करणार.

मग रात्री नीट विचार केला. एचआरला खरी भीती असते ती जॉइनिंग लांबण्याची आणि माणूस आयत्या वेळी न येण्याची. माझा नोटीस पिरियड होता ६० दिवसांचा आणि त्यांनी जॉइनिंग डेट त्याच्या पुढे आठवडाभर ठेवून दिली होती, म्हणजे मी मंगळवारी हो म्हटलं असतं तरी ती तारीख हलत नव्हती. हाच मुद्दा मला फोनवर मांडायचा होता.

पण त्याआधी शुक्रवारी सकाळी दुसऱ्या कंपनीच्या रिक्रूटरला फोन केला. ऑफर हातात आहे, मंगळवारपर्यंत उत्तर द्यायचा विचार आहे, राउंड अलीकडे घेता येईल का, एवढंच विचारलं. कंपनीचं नाव, आकडा काही सांगितलं नाही. तासाभरात राउंड सोमवारी चार वाजता लागला. हे आधीच करा, कारण तिकडची तारीख पक्की नसेल तर इकडे किती दिवस मागायचे तेच कळत नाही.

मग एचआर मॅडमना फोन केला. म्हटलं, "मॅडम, एका ठिकाणी प्रोसेस शेवटच्या टप्प्यात आहे, सोमवारी संपतेय. मंगळवारी संध्याकाळी सहापर्यंत हो किंवा नाही नक्की सांगतो, जॉइनिंग डेट तीच राहील." त्या मॅनेजरशी बोलल्या आणि दुपारी हो म्हणाल्या. लगेच तेच मेलवर लिहून पाठवलं, आणि ऑफरची लिंक शुक्रवारीच एक्स्पायर होणार होती ती वाढवून घेतली. हे बरेच जण विसरतात, तोंडी मुदत मिळते पण पोर्टलवर लिंक बंद होते आणि मग परत अप्रूव्हल लागतं.

सोमवारचा राउंड मस्त झाला. मंगळवारी सकाळी रिक्रूटर म्हणाला सिलेक्ट झालात, लेटर येईल. मी आकडा आणि जॉइनिंग डेट पाचपर्यंत मेलवर मागितली, तर म्हणाला सॅलरीचं अप्रूव्हल बाकी आहे, दोन-तीन दिवस लागतील. आता परत मुदत मागायचा मोह खूप झाला. पण मी स्वतःच वेळ दिली होती, आणि तोंडी सिलेक्शनवर हातातली ऑफर सोडणं मला पटेना. पावणेसहाला पहिली ऑफर अ‍ॅक्सेप्ट केली आणि दुसऱ्या रिक्रूटरला तेव्हाच फोन करून सांगितलं.