पीक विम्याची सूचना मराठीत आणताना या चुका टाळा

इंदूरच्या आसपास शेती असलेल्या मराठी घरांतून प्रधानमंत्री फसल बीमा योजनेची हिंदी सूचना मराठीत करून मागितली जाते. दोन्ही भाषांची लिपी एकच असल्याने काम सोपे वाटते आणि चुका नेमक्या तिथेच होतात.

सर्वांत महागात पडणारा शब्द म्हणजे ‘हफ्ता’. कर्जदार शेतकऱ्याला विमा नको असेल, तर त्याने शेवटच्या तारखेच्या सात दिवस आधी बँकेला तसे लेखी कळवायचे असते. न कळवल्यास त्याच्या खात्यातून रक्कम कापली जाते. माझ्या पहिल्या मसुद्यात ‘एक हफ्ते पहले’चे ‘एक हप्ता आधी’ असे झाले होते. देपालपूरकडच्या एका काकांनी ते वाचून विचारले, “म्हणजे पहिला हप्ता आधीच भरायचा का?” त्यांचा प्रश्न रास्त होता, कारण मराठीत प्रीमियमलाच विमा हप्ता म्हणतात. तेव्हापासून मी ‘सात दिवस आधी’ असे लिहून पुढे तारीखही देतो: अंतिम तारीख 31 जुलै असेल, तर 24 जुलै. ‘31 जुलाई तक’चे ‘31 जुलैपूर्वी’ करू नये. त्याने शेवटचा दिवस हातचा जातो. ‘31 जुलैपर्यंत’ हेच बरोबर.

दरांच्या तक्त्यात खरीप 2 टक्के, रब्बी 1.5 टक्के आणि वार्षिक नगदी व बागायती पिके 5 टक्के, एवढेच उतरवून चालत नाही. ही टक्केवारी विमा संरक्षित रकमेवर आहे, उत्पन्नावर किंवा कर्जावर नाही, हे त्याच ओळीत यावे. समजा, सोयाबीनची संरक्षित रक्कम हेक्टरी 50,000 रुपये आहे. मग दीड हेक्टरसाठी ती 75,000 होते आणि शेतकऱ्याचा हिस्सा 1,500 रुपये. हेक्टरचे बिघे करून देण्याचा मोह टाळावा, कारण बिघा सगळीकडे सारखा नसतो.

दाव्याच्या भागात ‘72 घंटे के भीतर’चे ‘तीन दिवसांत’ करणे हीच मोठी चूक. गारपीट शुक्रवारी दुपारी चारला झाली, तर मुदत सोमवारी दुपारी चारला संपते. ‘तीन दिवस’ वाचणारा सोमवारी संध्याकाळी निवांत फोन करतो. म्हणून ‘घटना घडल्यापासून 72 तासांच्या आत’ असे लिहावे आणि शेजारी 14447 हा क्रमांक द्यावा.

‘कटाई के बाद’ची जोखीम कापणीपासून जास्तीत जास्त 14 दिवस आणि शेतात वाळत पसरलेल्या किंवा लहान पेंढ्या बांधून ठेवलेल्या पिकापुरतीच असते. इथे ‘मळणीनंतर’ लिहिले, तर घरात पोत्यांत भरलेले धान्य भिजले तरी भरपाई मिळेल, असा समज होतो. मळणीचा शब्द मी या परिच्छेदात येऊच देत नाही.