रेडिएटरचं झाकण कमजोर झालं की गाडी पाणी का फेकते, आणि त्यात लोक कुठे चुकतात

घाट चढून वर आलात, गाडी पार्क केली, चावी काढली, आणि दोन मिनिटांनी बॉनेटखालून फसफस आवाज येऊन खाली हिरवं पाणी सांडायला लागलं, तर बहुतेक लोक आधी रेडिएटर चोकअप झालाय, थर्मोस्टॅट गेलाय किंवा हेड गॅस्केट उडालंय असं धरून चालतात, आणि मेकॅनिकही बहुधा तिथूनच सुरू करतो. झाकणाकडे कोणी बघतच नाही, कारण ते झाकण आहे ना, बंद असलं की झालं. पण रेडिएटरची कॅप हा खरं तर एक व्हॉल्व्ह आहे आणि त्यावर जो ०.९ किंवा १.१ आकडा छापलेला असतो तो किती प्रेशर झाल्यावर ती उघडणार ते सांगतो. बऱ्याच जपानी आणि मारुती टाइप गाड्यांना ०.९ बार म्हणजे साधारण १३ पीएसआय, काहींना १.१ बार म्हणजे १६ पीएसआय असते, किलोपास्कलमध्ये लिहिलं असेल तर ८८ आणि १०८ असे आकडे दिसतील.

हे प्रेशर हवं कशाला, तर पाणी प्रेशरखाली उशिरा उकळतं. समुद्रसपाटीला उघडं पाणी १००ला उकळतं, ०.९ची कॅप बरोबर धरून असेल तर तेच पाणी साधारण ११९पर्यंत उकळत नाही, आणि अर्धं कुलंट अर्धं पाणी असं मिश्रण असेल तर त्याच्याही वर सात-आठ अंश मिळतात. इंजिन नॉर्मल चालताना ९०-९५च्या आसपास असतं, घाटात एसी लावून १०० पार करतं, म्हणजे ही जी वरची मोकळी जागा आहे ती बरीचशी कॅपने दिलेली आहे. स्प्रिंग थकली किंवा रबर कडक झालं की ती जागा कमी होते आणि बाकी सगळं ठीक असूनही गाडी पाणी फेकते.

एक केस सांगतो. मेव्हण्याची जुनी पेट्रोल हॅचबॅक, पुण्यात रोज चालते, काही त्रास नाही, फक्त रेडिएटरशेजारच्या कुलंटच्या बाटलीत सारखं पाणी टाकावं लागतं. पाचगणीला निघाले, खंबाटकी कशीबशी पार, वाईपुढे पसरणीचा घाट सेकंड गिअरला चढून वर आले, चहाला थांबले आणि गाडी बंद केल्यावर बाटलीतून फवारा. आधी एका गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट बदलून झालेला, दुसऱ्याने रेडिएटर फ्लश केलेला, दोन्हीने फरक शून्य. शेवटी ज्याच्याकडे प्रेशर टेस्टर होता अशा मेकॅनिकने कॅप काढून टेस्टरला लावली, पंप मारला, तर ०.९ लिहिलेली कॅप ०.३५ला सोडत होती.

आता हिशोब करून बघा. पाचगणी साधारण १३०० मीटरवर, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा कमी, ०.८७ बारच्या आसपास, म्हणजे उघडं पाणी ९६लाच उकळणार. कॅप बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त ते धरते, त्यामुळे चांगली कॅप असती तर ०.८७ अधिक ०.९, एकूण १.७७ बार आणि उकळबिंदू ११६. थकलेल्या कॅपने १.२२ बार, उकळबिंदू १०५. आणि त्यांनी महिनोन्महिने नळाचं पाणी टाकून टाकून कुलंट पातळ करून ठेवलेलं, म्हणजे कुलंटचे ते वरचे सात-आठ अंशही गेलेले. घाट चढताना पंप फिरतोय, फॅन चालू आहे म्हणून निभावलं, गाडी बंद केली की पंप थांबतो पण हेडचं तापलेलं लोखंड आणि अॅल्युमिनियम लगेच थंड होत नाही, सगळी उष्णता तिथल्या तिथे उभ्या पाण्यात जाते, तापमान पाच-दहा अंश उडी मारतं आणि १०५ पार होतंच. म्हणून फवारा बंद केल्यावर येतो, चालताना नाही. एवढासा मिलिलिटरभर पाण्याची वाफ झाली तरी त्या प्रेशरला तिला लिटरपेक्षा जास्त जागा लागते, ती जागा करायला ती समोरचं चांगलं पाणी ढकलून बाहेर काढते. त्यामुळे एका फटक्यात एवढं पाणी जातं की बघणाऱ्याला वाटतं इंजिनच फुटलं.

आता चुका.

पहिली आणि सगळ्यात कॉमन: फक्त बाटली बघून समाधान मानणं. प्लास्टिकच्या बाटलीत मिन-मॅक्सच्या मध्ये पाणी दिसतंय म्हणजे सगळं ठीक असं धरतात. पण ज्या गाड्यांत कॅप रेडिएटरवर असते आणि बाटली वेगळी साधी असते, तिथे कॅपचं दुसरं काम विसरतात. गरम झाल्यावर जास्तीचं कुलंट कॅपमधून बाटलीत जातं, आणि गाडी थंड झाल्यावर आत व्हॅक्यूम तयार होतो तेव्हा कॅपच्या मधला छोटा व्हॉल्व्ह उघडून तेच कुलंट परत खेचून घेतो. आता वरची मोठी रबर रिंग, जी कॅप आणि रेडिएटरच्या तोंडाच्या, म्हणजे नेकच्या, कडेमध्ये सील करते, ती फाटली किंवा बाटलीची पातळ नळी क्रॅक झाली, तर व्हॅक्यूम बाटलीतून कुलंट खेचण्याऐवजी बाहेरची हवा खेचतो. रोज थोडी हवा आत, थोडं कुलंट बाटलीत, बाटली भरली की तिच्या तोंडातून बाहेर. रेडिएटर हळूहळू रिकामा होतो आणि बाटली मात्र भरलेलीच दिसते! त्यामुळे रात्रभर थंड झालेल्या गाडीचं झाकण सकाळी उघडा, रेडिएटर कडेपर्यंत भरलेला पाहिजे. बाटली फुल आणि रेडिएटर दोन बोटं खाली असेल तर तपासायला सुरुवात कॅप आणि त्या नळीपासूनच करायची.

यात अजून एक गंमत. पाणी फार खाली गेलं की टेंपरेचर सेन्सर पाण्यात न राहता वाफेत किंवा हवेत राहतो आणि काटा चक्क खाली येतो, आणि माणूस म्हणतो बरं झालं थंड झाली. काटा घाटात अचानक खाली पडला तर ती चांगली बातमी नाही, गाडी बाजूला घ्या.

दुसरी चूक: ढिली पडली म्हणून जास्त रेटिंगची टाकणं. काउंटरवर सांगतात, साहेब १.१ची घ्या, मजबूत आहे. ०.९च्या गाडीला १.१ टाकली तर उकळबिंदू तीन अंश वाढतो, बस, पण इंजिनची उष्णता तेवढीच राहते, आणि प्रत्येक होज, क्लॅम्प, हीटर कोअर आणि रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीला जिथे अॅल्युमिनियमचे दात वाकवून बसवलेलं असतं त्या सगळ्यांना जास्त ताण. दहा वर्षं जुन्या गाडीत मग कमजोर जागा शोधायचं काम ती कॅप करते, बहुतेकदा वरच्या प्लास्टिक टाकीला बारीक तडा. उलट कमी रेटिंगची टाकणाराही असतोच, होज फुटू नये म्हणून, त्याला घाटात मेव्हण्यासारखाच फवारा मिळतो. जुन्या कॅपवरचा आकडा वाचा, तोही आधी कोणीतरी बदललेला असू शकतो म्हणून मॅन्युअलशी ताडून बघा.

बसतंय म्हणजे बरोबर आहे, ही तिसरी. ही फार लोकांच्या लक्षात येत नाही. कॅपचे कान नेकमध्ये फिरून बसले तरी आतली लांबी वेगळी असू शकते. कॅपची स्प्रिंग किती दाबली जाणार ते नेकच्या वरच्या कडेपासून आतल्या सीटपर्यंतच्या खोलीवर ठरतं. खोल नेकला आखूड कॅप लावली तर वर १.१ छापलेलं असूनही स्प्रिंग पूर्ण दाबलीच जात नाही आणि ती निम्म्यात सोडते, किंवा खालचं रबर सीटला टेकतच नाही. लांब कॅप उथळ नेकला लावली तर ती नीट फिरतच नाही, आणि जोर लावून फिरवली तर नेकची कड वाकते. जुनी आणि नवी शेजारी उलटी ठेवून वरच्या रिंगपासून खालच्या रबरापर्यंतचं अंतर बघा, सारखं पाहिजे.

आणि ज्या गाड्यांत रेडिएटरला झाकणच नाही, फक्त मोठी गोल प्रेशरवाली टाकी आहे आणि तिला आटे असलेलं झाकण, तिथे तेच प्रेशर झाकण आहे, त्यावर १.४-१.५ बार असे आकडेही दिसतात. ते हरवलं म्हणून पाण्याच्या बाटलीचं झाकण लावलेली गाडी मी बघितली आहे. काय बोलणार.

गरम असताना उघडणं, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी घाटात लोक करतात. झाकण थोडं फिरवलं की प्रेशर एकदम सुटतं आणि १०५-११०चं पाणी जे अजून द्रव होतं ते तिथेच भसकन उकळून तोंडावर येतं. फडकं टाकूनही नाही. वरचा होज हाताला सहज धरता येईल आणि दाबल्यावर मऊ लागेल तेव्हाच, साधारण अर्धा-पाऊण तास तरी थांबायला लागतं.

मग कॅप गेलीय हे ओळखायचं कसं. थंड गाडीची काढून उलटी करा. खालच्या रबरावर नेकच्या सीटचा गोल ठसा खोल उमटला असेल, रबर कडक, चिरलेलं किंवा फुगलेलं असेल तर गेली. मधली छोटी पितळी चकती नखाने ओढा, ती उघडून सोडल्यावर टचकन परत बसली पाहिजे, चिकटलेली असेल तर थंड झाल्यावर वरचा होज आत चेपलेला दिसेल, ही खूण पक्की. नेकच्या आजूबाजूला वाळलेल्या कुलंटचे पांढरे-हिरवट डाग म्हणजे तिथून बाहेर येतंय. नेकची आतली सीटही बोटाने फिरवून बघा, खड्डा किंवा गंजाचा थर असेल तर नवी कॅपही गळणार. पण स्प्रिंग थकली ते डोळ्याने दिसत नाही, तिथे टेस्टरच लागतो. हातपंप, अॅडाप्टर, कॅप भिजवून लावायची, पंप मारायचा, छापलेल्या आकड्याच्या आसपास सोडली पाहिजे आणि त्याच्या थोडं खाली एक मिनिट काटा स्थिर राहिला पाहिजे. त्याच टेस्टरने मग रेडिएटरवरही प्रेशर देऊन बघायचं, काटा खाली आला तर गळती दुसरीकडे आहे, वॉटर पंपखालच्या छोट्या भोकाजवळ, होजच्या क्लॅम्पखाली किंवा गाडीच्या आत पायाजवळ मॅट ओलं असेल तर हीटर कोअर.

आणि कॅपला विनाकारण दोष देऊ नका. थंड गाडी चालू केली आणि मिनिट-दोन मिनिटांत, पाणी अजून कोमटही नाही, तरी वरचा होज दगडासारखा कडक, किंवा झाकण उघडं ठेवून चालू केली तर सतत बुडबुडे येतायत, तर ते प्रेशर उष्णतेचं नाही, सिलिंडरमधला गॅस आत येतोय. ते हेड गॅस्केट. तिथे नवी कॅप टाकली तरी पाणी फेकणारच, कारण कॅप तिचं काम बरोबरच करतेय.

मेव्हण्याच्या गाडीत ०.९ची ओरिजिनल कॅप टाकली, जुनं पातळ पाणी काढून अर्धं कुलंट अर्धं डिस्टिल्ड वॉटर भरलं, झाकण उघडं ठेवून फॅन एकदा चालू होईपर्यंत आयडल करून हवा काढली. मग बाटलीवर थंड गाडीची लेव्हल मार्करने आखली आणि आठवडाभर रोज सकाळी बघितली. पहिल्या दोन दिवसांत ती थोडी खाली गेली, उरलेली हवा निघाली म्हणून, नंतर रेष हलली नाही. त्यानंतर तो परत पसरणी चढून आला, एसी लावून.